स्क्रीनशॉट पाठवू का?

सासवडच्या एका काकूंचे व्हिडिओ मी एडिट करतो. चुलीवरचा स्वयंपाक, घरचे मसाले, सणावारांचे पदार्थ असा त्यांचा यूट्यूब चॅनल आहे. मे महिन्याच्या शेवटी, रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. आवाज जरा दबका. "अरे, एक अनोळखी मुलगा माझ्याकडे कसले कसले फोटो मागतोय. म्हणतोय, आधी माझे बघा, मग तुमचे पाठवा. ब्लॉक करू का?"

म्हटलं, काकू, आधी मेसेज मला फॉरवर्ड करा. तो असा होता:

"नमस्कार काकू. मी गडकिल्ल्यांवर व्हिडिओ करतो. तुमचा चुलीवरच्या पिठल्याचा व्हिडिओ आईने दाखवला. राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात, एखाद्या घरी चुलीवर जेवण करून दोघांनी मिळून व्हिडिओ करावा असं मनात आहे. पण आधी आपले प्रेक्षक एकमेकांचं बघतील का, ते तपासूया. माझ्या स्टुडिओचे चार स्क्रीनशॉट सोबत पाठवतोय. तारखा १ मार्च ते २९ मे. (१) कंटेंटमधले फक्त लाँग व्हिडिओचे आकडे, शॉर्ट्स वगळून. (२) ऑडियन्समधले नवे आणि नेहमीचे प्रेक्षक. (३) प्रेक्षक आणखी कोणते चॅनल बघतात ते, आणि वयोगट. (४) एका व्हिडिओचा रिटेन्शनचा ग्राफ. कमाईचा आकडा मी झाकलाय, तुम्हीही झाका. तुम्हाला वाटलं तरच पाठवा, नाही म्हणालात तरी राग नाही."

या धंद्यात मी सात वर्षं आहे. कोलॅबचे, म्हणजे दोन चॅनलनी मिळून व्हिडिओ करण्याचे, मेसेज रोज बघतो. बहुतेकांचा मजकूर एकच असतो: "सर, कोलॅब करूया? माझे १ लाख आहेत." हा मेसेज तसा नव्हता. कुणीतरी आधी कुठेतरी ठेच खाल्लेली दिसत होती.

ठेच मीही खाल्ली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या एका क्लायंटला तीन लाख सबस्क्रायबर असलेल्या चॅनलकडून विचारणा झाली. तीन लाख हा आकडा बघूनच आम्ही हरखलो. दोन दिवसांचा प्रवास, ड्रोनचं भाडं, राहणं-खाणं सगळं आमच्या खिशातून गेलं. व्हिडिओ त्यांच्या चॅनलवर चढला आणि महिन्याभरात दोन हजारही व्ह्यूज झाले नाहीत. नंतर कळलं, ते तीन लाख लोक अर्ध्या मिनिटाचे विनोदी शॉर्ट्स बघून जमा झाले होते. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ बघायला त्यांच्यातलं कुणी थांबणारच नव्हतं. हे सगळं स्टुडिओच्या एका पडद्यावर आधीच दिसलं असतं. आम्ही मागितलंच नव्हतं.

काकूंची शंका मात्र वेडी नव्हती, हेही सांगायला हवं. कोलॅबच्या नावाखाली यूट्यूबरांचे चॅनल पळवण्याचा प्रकार जुना आहे. गुगलच्या सुरक्षा पथकाने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं. कामाचा प्रस्ताव म्हणून एखादी लिंक किंवा फाइल पाठवायची, ती उघडली की ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, चोरायची आणि पासवर्डशिवायच चॅनल ताब्यात घ्यायचा, अशी ती रीत. म्हणून मेसेज आला की आधी एवढं बघायचं की समोरचा नेमकं काय मागतोय. चित्र मागत असेल तर चित्र देऊन कुणी चॅनल नेत नाही. पण "ही फाइल डाउनलोड करून त्यात आकडे भरा", "या लिंकवर लॉगिन करा", "ओटीपी सांगा" असं काही आलं की संभाषण तिथेच बंद. या मुलाने लिंक दिली नव्हती, फाइल दिली नव्हती, आणि स्वतःचे स्क्रीनशॉट आधी पाठवले होते. काकूंना म्हटलं, शहाणा दिसतोय. उद्या येतो, बसून बघू.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या ओट्यावर, एका बाजूला निवडायच्या मेथीची जुडी आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, असे आम्ही बसलो. (इथे दिलेले आकडे मी थोडे गोल केले आहेत, दोघांचीही ओळख पटू नये म्हणून.)

पहिल्याच मिनिटाला घोटाळा होता होता वाचला. काकूंनी फोनवर स्टुडिओ उघडला आणि समोर आलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवायला निघाल्या. समोर येतो तो ओव्हरव्ह्यूचा पडदा. ज्यांना जाहिरातींचे पैसे मिळतात त्यांना तिथे व्ह्यूज, वॉच टाइम आणि सबस्क्रायबर यांच्या शेजारीच अंदाजे कमाईचा आकडा दिसतो. शिवाय फोनच्या वरच्या पट्टीत बँकेचा मेसेज डोकावत होता. मी हात धरला. प्रेक्षक जुळतात का या प्रश्नाशी कमाईचा संबंध नाही. शिवाय स्क्रीनशॉट एकदा गेला की तो कुणाकुणाच्या गॅलरीत जाईल यावर आपला ताबा राहत नाही.

मग त्याचे चार आणि आमचे चार समोरासमोर लावले.

वरवर बघता सामना एकतर्फी होता. मुलाचे सबस्क्रायबर १ लाख ८० हजार, काकूंचे ६२ हजार. नव्वद दिवसांचे एकूण व्ह्यूज त्याचे २१ लाख, काकूंचे ६ लाख ६० हजार. काकू म्हणाल्या, "एवढा मोठा मुलगा माझ्याकडे कशाला येतोय?" उत्तर त्याच्याच पहिल्या स्क्रीनशॉटमध्ये होतं, आणि ते त्याने झाकलं नव्हतं याचं मला कौतुक वाटलं. २१ लाखांतले १८ लाख ६० हजार व्ह्यूज शॉर्ट्सचे होते. लाँग व्हिडिओंचे २ लाख ४० हजार.

शॉर्ट्सचा व्ह्यू आणि पंधरा मिनिटांच्या व्हिडिओचा व्ह्यू यांना एका तागडीत तोलता येत नाही. ३१ मार्च २०२५पासून तर यूट्यूब शॉर्ट्सचा व्ह्यू मोजताना किती वेळ बघितलं हे विचारातच घेत नाही. अंगठ्याने वर सरकवताना शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू, परत पहिल्यापासून फिरला तर आणखी एक. खरोखर थांबून बघणाऱ्यांचा आकडा स्टुडिओत वेगळा मिळतो, पण तो मालकालाच दिसतो, बाहेरच्याला नाही. म्हणूनच मेसेजमध्ये "शॉर्ट्स वगळून" हे दोन शब्द होते. ते नसते तर बाकी सगळं वाया गेलं असतं.

आता काकूंचा आनंद. त्यांच्या ६ लाख ६० हजारांत शॉर्ट्स जेमतेम ४० हजार. म्हणजे लाँग व्हिडिओंचे ६ लाख २० हजार, मुलाच्या अडीचपट! "बघ, मीच मोठी," म्हणत त्यांनी मेथीची जुडी उचलली. पण हा आकडाही पोकळ होता, फक्त त्याची पोकळी दुसऱ्या जागी होती.

या ६ लाख २० हजारांत गेल्या तीन महिन्यांत चढवलेल्या नव्या व्हिडिओंचा वाटा किती, हे काढलं. नवे व्हिडिओ चोवीस, प्रत्येकाला सरासरी ११ हजार, म्हणजे २ लाख ६४ हजार. उरलेले साडेतीन लाख जुन्या व्हिडिओंचे होते, आणि त्यात तीन वर्षांपूर्वीच्या पुरणपोळीच्या एकट्या व्हिडिओने होळीच्या दिवसांत दीड लाख खेचले होते. हे लोक काकूंना बघायला आलेच नव्हते. ते पुरण सैल झालं तर काय करायचं, हे सर्चमध्ये टाकून आले, उत्तर मिळालं, गॅस बंद करून गेले. पाककृतीच्या चॅनलचं हे असंच असतं. सर्चमधून येणारा प्रेक्षक पदार्थाचा असतो, चॅनलचा नसतो. तो गुंजवण्याला यायचा नाही.

मुलाचे नव्वद दिवसांत नऊ नवे व्हिडिओ, प्रत्येकी साधारण १८ हजार. म्हणजे नव्या व्हिडिओमागे त्याला १८ हजार लोक बघतात, काकूंना ११ हजार. तिप्पट वाटणारा माणूस दीडपटीवर आला. आणि दुसऱ्या स्क्रीनशॉटने तोही फरक जवळजवळ पुसला.

ऑडियन्सच्या पडद्यावर यूट्यूब प्रेक्षकांची तीन भागांत वाटणी करतं: नवे, अधूनमधून येणारे आणि नेहमीचे. नेहमीचे म्हणजे ज्यांनी गेल्या वर्षातले निम्मे किंवा त्याहून जास्त महिने हा चॅनल बघितला आहे ते. मुलाचे महिन्याचे प्रेक्षक तीन लाखांच्या घरात, पण त्यातले नेहमीचे सुमारे ६ हजार. काकूंचे महिन्याचे १ लाख ४० हजार, नेहमीचे ५ हजार. कोलॅबमध्ये खरी देवाणघेवाण होते ती याच लोकांची. अनोळखी पाहुणा पडद्यावर दिसला तरी "आपल्या काकूंनी आणलाय ना, मग बघू" म्हणणारे हे लोक. एका बाजूला ६ हजार, दुसऱ्या बाजूला ५ हजार. म्हणजे व्यवहार बरोबरीचा. गाडीभाडं अर्धं-अर्धं आणि कुणी कुणावर उपकार करत नाही, हे इथेच ठरलं. १ लाख ८० हजारांकडे बघून बोलणी झाली असती तर काकूंनी डबा घेऊन स्वतःच्या खर्चाने जाण्याची तयारी दाखवली असती. मी त्यांना ओळखतो.

तारखांचा मुद्दा इथेच उरकतो. मार्च ते मे हा काकूंचा भरातला काळ: होळी, पाडवा, उन्हाळी वाळवणं. ट्रेकिंगच्या चॅनलसाठी तोच उपासमारीचा. किल्ले लोकांना आठवतात पहिल्या पावसानंतर. दोघांच्या तारखा सारख्या असल्या तरी हंगाम सारखे नव्हते. म्हणून मी मुलाकडे गेल्या वर्षीच्या जून ते ऑगस्टचाही एक स्क्रीनशॉट मागितला. त्यात त्याच्या लाँग व्हिडिओंची सरासरी २६ हजार निघाली. व्हिडिओ जूनमध्ये यायचा होता, तेव्हा मोजायला हाच आकडा जवळचा. काकूंना म्हटलं, आता मुलगा थोडा वर आहे, पण आकाशात नाही.

तिसऱ्या स्क्रीनशॉटवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

ऑडियन्सच्या पडद्यावर थोडं खाली एक यादी असते: तुमचे प्रेक्षक आणखी कोणते चॅनल बघतात. ती गेल्या २८ दिवसांवरून तयार होते, आणि चॅनलला पुरेसे प्रेक्षक नसतील तर दिसतच नाही. लहान चॅनलवाल्याने "माझ्याकडे ही यादी येत नाही" म्हटलं तर तो खोटं बोलतोय असं समजू नये.

या यादीत आधी एकमेकांचं नाव शोधायचं. काकूंच्या यादीत हा मुलगा वरच असता आणि त्याच्या यादीत काकू, तर त्याचा अर्थ दोघांचे प्रेक्षक आधीच एक आहेत. तसा व्हिडिओ लोकांना आवडतो, कमेंटांचा पाऊस पडतो, पण नवं माणूस कुणाच्याच पदरात पडत नाही. याउलट दोन याद्यांत एकही चॅनल सामाईक नसेल तर मात्र दोन वेगळ्या गावच्या जत्रा एका मांडवात भरवल्यासारखं होतं. दोन्हीकडचे लोक अर्ध्या व्हिडिओत उठून जातात. आपल्याला हवी मधली स्थिती: एकमेकांची नावं नाहीत, पण तिसरं कुणीतरी दोघांच्याही यादीत आहे.

मुलाची यादी अपेक्षेसारखी होती. इतर ट्रेकर, बुलेटवर फिरणारे, कॅमेऱ्याचं सामान दाखवणारे. काकूंच्या यादीत पाककृतींचे चॅनल, मालिकांच्या क्लिपा, एक कीर्तनाचा चॅनल. वयोगटही तसेच: त्याच्याकडे १८ ते ३४ वयाचे पुरुष नव्वद टक्क्यांच्या वर, काकूंकडे सत्तर टक्के बायका आणि त्यातल्या निम्म्या पस्तिशीच्या पुढच्या. मला वाटलं, संपलं. हा व्हिडिओ होत नाही.

मग काकूंनीच बोट ठेवलं. "हा कोकणातला पोरगा दोन्हीकडे आहे बघ." खरंच होता. कोकणातल्या आपल्या वाडीतलं रोजचं जगणं दाखवणारा एक चॅनल मुलाच्या यादीत चौथा आणि काकूंच्या यादीत सहावा होता. त्यात रेसिपी शिकवत नाहीत आणि किल्लाही चढत नाहीत. पावसात घर शाकारणं, भाताची लावणी, संध्याकाळी पडवीत चहा असं सगळं. म्हणजे ट्रेकिंग बघणारी पोरं आणि स्वयंपाक बघणाऱ्या बायका जिथे एकत्र बसतात ती जागा आहे गावातलं घर.

या एका ओळीने व्हिडिओचा विषय बदलला. मुलाच्या डोक्यात होतं, राजगड चढायचा आणि उतरल्यावर शेवटी पाच मिनिटं जेवण. काकूंच्या डोक्यात होतं, मापासकट पिठलं-भाकरीची पाककृती, मागे डोंगर. दोन्ही रद्द. आता व्हिडिओ आहे गुंजवण्यातल्या एका घरातल्या सकाळचा. घरची माणसं चूल पेटवतात इथपासून गडावरून उतरलेली ट्रेकर मंडळी पंगतीला बसतात इथपर्यंत. ज्यांच्या घरी हे सगळं होणार त्यांना अर्थातच आधी जाऊन विचारायचं आणि जेवणाचे पैसे द्यायचे. ते कुठल्याच स्क्रीनशॉटमध्ये येत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

चौथा स्क्रीनशॉट रिटेन्शनच्या ग्राफचा. व्हिडिओच्या कोणत्या क्षणाला किती टक्के लोक अजून बघत आहेत, याची रेघ. डावीकडे शंभरावरून सुरू होते आणि बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटात कोसळते, मग हळूहळू उतरत जाते. मध्येच रेघ वर उठली तर तिथे लोकांनी मागे जाऊन पुन्हा बघितलं आहे. काकूंच्या रेघेत असे उंचवटे मसाल्याच्या प्रमाणापाशी असतात. चमचे किती, ते लिहून घ्यायला लोक मागे जातात.

मी मुद्दाम त्यांचा जुना एक व्हिडिओ काढला, ज्यात त्यांची जाऊ पाहुणी म्हणून आली होती. तिथे रेघ पायरीसारखी उतरली होती, नेमकी चाळिसाव्या सेकंदापासून दीड मिनिटापर्यंत. त्या पन्नास सेकंदांत काकू जावेची ओळख करून देत होत्या. कुठे राहते, मुलं काय करतात, किती दिवसांनी आली. जाऊबाईंनी कणीक मळायला घेतली आणि रेघ सपाट झाली. म्हणजे लोकांना पाहुणीचा कंटाळा नव्हता, ओळखीचा होता. मुलाच्या ग्राफमध्ये त्याच जागी दुसरीच खोट होती. ड्रोनवरून गड दिसतो तिथे रेघ ताठ, आणि इतिहास सांगायला कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की घसरगुंडी. आम्ही ठरवलं, ओळख नाही. पहिल्या शॉटमध्ये काकू फुंकणीने चूल फुंकतायत आणि मुलगा ओली लाकडं घेऊन दारात उभा. काकू म्हणतात, "ही ओली आहेत रे." झाली ओळख.

लांबीवरून थोडा वाद झाला. काकूंचे व्हिडिओ आठ मिनिटांचे, लोक सरासरी ३ मिनिटं १२ सेकंद बघतात, म्हणजे चाळीस टक्के. मुलाचे बावीस मिनिटांचे, सरासरी ६ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे तीस टक्के. टक्केवारी बघितली तर काकू पुढे, मिनिटं बघितली तर मुलगा. लहान व्हिडिओची टक्केवारी आपोआप चांगली दिसते, त्यामुळे नुसत्या टक्क्यांवर भांडण्यात अर्थ नसतो. शेवटी तेरा-चौदा मिनिटांवर तडजोड झाली.

थंबनेलवर क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण, ज्याला सगळे सीटीआर म्हणतात, ते मुलाने मागितलं नव्हतं, आणि बरं झालं. त्यावरून लोक उगाच मोठेपणा मिरवतात. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनलचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. आणि व्हिडिओ ओळखीच्यांच्या बाहेर जसजसा पसरतो तसतसा तो उतरतोच.

आता खोटेपणाचं. स्क्रीनशॉट हा पुरावा म्हणून फार कच्चा. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा आकडा दोन क्लिकमध्ये बदलता येतो, आणि बदललेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट अगदी खऱ्यासारखा दिसतो. तो पकडायचा कसा? मी दोन गोष्टी करतो. एक, चॅनलचे शेवटचे दहा लाँग व्हिडिओ उघडतो. त्यांचे व्ह्यूज सगळ्या जगाला दिसतात. स्क्रीनशॉटमधल्या आकड्याशी ते ढोबळमानाने जुळायला हवेत. मुलाचे १५ ते २१ हजारांच्या दरम्यान दिसले, त्याच्या अठराशी जुळलं. दोन, व्हिडिओ कॉलवर पडदा शेअर करायला सांगतो आणि समोर असतानाच पान रिफ्रेश करायला सांगतो. बदललेला आकडा रिफ्रेश केल्यावर टिकत नाही. तारीख कापून पाठवलेला स्क्रीनशॉट तर मी उघडतही नाही. "लाइफटाइम"चे व्ह्यूज नव्वद दिवसांचे म्हणून खपवायची ती सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

दोघांचा विश्वास बसला आणि काम लांबणार असेल तर स्क्रीनशॉटपेक्षा सोपा मार्ग आहे. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानगी देण्याची सोय असते. त्यात फक्त बघणाऱ्याची, आणि तीही कमाई न दिसणारी, अशी एक मर्यादित परवानगी आहे. ती द्यायची, काम झालं की काढून घ्यायची. पासवर्ड कुणालाही, भाच्यालाही, द्यायचा नाही. काकूंनी भाच्याला दिला होता हे मला त्या दिवशी कळलं. तो आधी बदलून घेतला.

राहिला प्रश्न, व्हिडिओ कुणाच्या चॅनलवर. जाहिरातीचे पैसे, वॉच टाइम, सगळं ज्याच्या चॅनलवर व्हिडिओ चढतो त्याच्याच खात्यात जमा होतं. त्यामुळे घरातल्या सकाळचा मोठा व्हिडिओ मुलाच्या चॅनलवर, कारण जूनमध्ये त्याचा हंगाम. त्याच दिवशी तिथेच शूट केलेली पिठल्याची मापासकट पाककृती काकूंच्या चॅनलवर, कारण ती पुढची तीन वर्षं सर्चमधून चालत राहील. वेळेवरून काकूंनी विचारलं, "त्याची पोरं रात्री दहाला बघतात, माझ्या बायका दुपारी चारला. टाकायचा कधी?" प्रसिद्ध करण्याच्या वेळेचा लांब पल्ल्याच्या व्ह्यूजवर थेट परिणाम होतो असं दिसलेलं नाही, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. म्हटलं, एडिट पूर्ण होईल तेव्हा टाकू.

संध्याकाळी काकूंनी चार स्क्रीनशॉट पाठवले, कमाईवर काळी पट्टी मारून. खाली स्वतः टाइप केलं: "नमस्कार. तुमचे आणि आमचे आकडे जुळतात असं आमच्या एडिटरचं मत आहे. हे फोटो पुढे कुणाला पाठवू नयेत. पावसाळ्यात चूल पेटायला वेळ लागतो, तेव्हा सकाळी सहाला पोचावे. लाकडं सुकी आणावीत."

पलीकडून लगेच उत्तर आलं, "हो काकू." मग मिनिटभराने: "पण पहिल्या शॉटमध्ये ओली हवी आहेत ना?"